धागा : त्रुटी-संदेश आला की खालचे रकाने सरकतात आणि ‘नोंदणी करा’ बटण दुसऱ्यांदा दाबावे लागते

डिचोलीकर
भजन स्पर्धेच्या नोंदणीसाठी आमच्याकडे एक ऑनलाइन अर्ज आहे. मोठ्या पडद्यावर तो दोन स्तंभांत दिसतो. पहिल्या ओळीत मंडळाचे नाव व तालुका, दुसऱ्या ओळीत पिनकोड व भ्रमणध्वनी, अशा एकूण सहा ओळी असून शेवटी ‘नोंदणी करा’ हे बटण आहे. रकाना सोडताच त्यातील मजकूर तपासला जातो आणि काही चुकले असल्यास रकान्याखाली तांबड्या अक्षरांत संदेश उमटतो. संदेशाचा घटक एरवी `display: none` असतो, त्यामुळे तो जागा घेत नाही.

कार्यालयात बसून मंडळांचे अर्ज भरून देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या दोन तक्रारी आहेत. पहिली अशी की डावीकडच्या पिनकोडखाली संदेश आला की खालची सगळी मांडणी खाली ढकलली जाते आणि पुढच्या रकान्यावर न्यायला घेतलेला कर्सर भलत्याच ठिकाणी पडतो. दुसरी तक्रार मला अधिक बुचकळ्यात टाकणारी आहे. बटण कधीकधी पहिल्यांदा दाबल्यावर काहीच करत नाही आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर अर्ज निमूटपणे जातो. माझ्या यंत्रावर हे एकदाही घडलेले नाही.

प्रत्येक रकान्याखाली संदेशासाठी जागा आधीच राखून ठेवावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले. परंतु तसे केल्यास अर्ज विस्कळीत आणि उगाच लांबलेला दिसेल, अशी मला भीती वाटते. जाणकारांचे मत हवे आहे.

सांजवात_म्हापसा
माझ्या मते जागा राखण्याची गरज नाही. मांडणी किती हलते हे मोजण्यासाठी सीएलएस हे मापक आहेच. तुमचे पान लाइटहाउसमध्ये तपासून पाहा, आकडा शून्य किंवा त्याच्या आसपास आला तर ब्राउझरच्या दृष्टीने काही बिघडलेले नाही असे समजावे. डोळ्यांना खटकणारा धक्का घालवायचा असेल, तर संदेशाची उंची शून्यापासून हळूहळू वाढवणारे २०० मिलिसेकंदांचे संक्रमण द्या. रकाने झटकन उडी मारण्याऐवजी अलगद सरकतील आणि तक्रार आपोआप थांबेल. बटणाची तक्रार मला वेगळीच वाटते. ती बहुधा सर्व्हर उशिरा उत्तर देत असल्यामुळे असावी.

वास्कोची_वाट
डिचोलीकर, तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे आणि दुसरी तक्रार पहिलीपेक्षा गंभीर आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

माऊसने बटण दाबणे ही आपल्याला एक कृती वाटते, पण ब्राउझरसाठी तिचे तुकडे असतात. बोट खाली गेले की `mousedown` घडते. त्याच क्षणी आधीच्या रकान्यावरचा फोकस सुटतो, म्हणजे `blur` घडते. बोट वर आले की `mouseup` आणि मग `click`. दाबणे आणि सोडणे यांच्यामध्ये शंभरेक मिलिसेकंद सहज जातात. तुमची तपासणी `blur` वर चालते, म्हणजे ती नेमकी या फटीत घुसते. संदेश उमटतो, मांडणी खाली सरकते आणि बोट वर येईपर्यंत कर्सरखाली बटण राहिलेलेच नसते. `mousedown` बटणावर आणि `mouseup` दुसऱ्याच घटकावर झाले, तर `click` त्या दोघांच्या सर्वांत जवळच्या समाईक पूर्वज घटकावर पाठवले जाते, बटणावर नाही. धक्क्यावरून पाऊल उचलल्यावर फेरीबोट हातभर सरकावी, तसा हा प्रकार आहे.

हे नेहमी न घडता ‘कधीकधी’ का घडते, याचेही उत्तर हिशेबात मिळते. तुमचा संदेश १४ पिक्सेलच्या अक्षरांत आणि १.६ ओळ-उंचीत असेल तर एक ओळ २२.४ पिक्सेलची होते, वरचे ४ पिक्सेल अंतर धरून साधारण २६. बटण ४० पिक्सेल उंच आहे असे धरा. ते २६ पिक्सेल खाली गेले, तर जुन्या आणि नव्या जागेत समाईक पट्टा फक्त १४ पिक्सेलचा उरतो, आणि तोही बटणाच्या तळाशी. कर्सर त्या पट्ट्यात असेल तर क्लिक लागतो, वर असेल तर वाया जातो.

यातली अधिक त्रासदायक बाजू उलट दिशेची आहे. कर्मचारी चुकलेला पिनकोड दुरुस्त करतो आणि थेट बटणाकडे जातो. दाबताच `blur` घडते, रकाना आता बरोबर असल्यामुळे संदेश नाहीसा होतो आणि बटण २६ पिक्सेल वर उडी मारते. म्हणजे सगळे बरोबर भरणाऱ्यालाच अर्ज न गेल्याचा अनुभव येतो. दुसऱ्यांदा दाबताना हलण्यासारखे काही उरलेले नसते, म्हणून तो जातो.

तुमच्या यंत्रावर हे का दिसत नाही, याबद्दल माझा अंदाज असा की तुम्ही चाचणी करताना शेवटी एंटर दाबता. एंटरने अर्ज जातो तेव्हा कर्सर कुठे आहे याला काही महत्त्व नसते.

सांजवात, सीएलएसबद्दल तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. आकडा शून्य येईल हे खरे, पण वापरकर्त्याच्या क्लिकनंतर किंवा कळ दाबल्यानंतर ५०० मिलिसेकंदांच्या आत झालेले सरकणे त्या मापकात धरलेच जात नाही. त्या नोंदींवर `hadRecentInput` सत्य असते आणि त्या बेरजेतून वगळल्या जातात. शिवाय लाइटहाउस पान उघडून मोजते, ते तुमच्यासाठी अर्ज भरत बसत नाही. संक्रमणाने तर नुकसान वाढेल, कारण आता बटण एका उडीत न सरकता २०० मिलिसेकंद सरकत राहील आणि नेमके बोट उचलण्याच्या वेळी ते कुठे असेल हे कोणालाच सांगता येणार नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर कन्सोलमध्ये हे चिकटवा आणि माऊसनेच बटण दाबा :

```js
for (const n of ['mousedown', 'blur', 'mouseup', 'click'])
  document.addEventListener(n,
    e => console.log(n, e.target), true);
```

`click` समोर `button` ऐवजी `form` किंवा एखादे `div` छापून आले, तर निदान पक्के.

काणकोणची_लाट
हाच त्रास आमच्या होमस्टेच्या आरक्षण पानालाही आहे. भ्रमणध्वनीवर रकान्याला बोट लावले की कळफलक वर येतो आणि ‘पुढे जा’ बटण त्याच्याखाली दडते. पाहुणे मग फोन करून विचारतात की पैसे भरायचे कुठे. इथे सुचवलेली जागा राखण्याची युक्ती केली तर बटण दिसू लागेल का?

वास्कोची_वाट
नाही, तो वेगळा प्रश्न आहे. तुमच्याकडे मांडणी सरकत नसून पडद्याचा दिसणारा भाग आक्रसतो आहे. बटण पडद्याच्या तळाशी `position: fixed` ने चिकटवले असेल तर ते काढून अर्जाच्या ओघात ठेवून पाहा. अधिक बोलायचे असल्यास स्वतंत्र धागा काढावा, म्हणजे या धाग्यातील मुद्दा भरकटणार नाही.

डिचोलीकर
कन्सोलमध्ये तपासले. मी एंटरच दाबत होतो, हा अंदाज बरोबर निघाला. पिनकोडमध्ये मुद्दाम ४०३५ एवढेच लिहिले, संदेश आल्यावर तो ४०३५०४ असा दुरुस्त केला आणि बटणाच्या खालच्या कडेजवळ माऊस दाबला. छापून आले ते असे : `mousedown` बटणावर, `blur` पिनकोडच्या रकान्यावर, `mouseup` अर्जावर आणि `click` सुद्धा अर्जावर. बटणाच्या वरच्या कडेजवळ दाबले तेव्हा मात्र अर्ज गेला.

आता एक शंका. बटणाच्या `mousedown` वर `preventDefault()` केले तर फोकस रकान्यातच राहील, `blur` घडणार नाही आणि मांडणीला हात न लावता काम भागेल, असे वाटते. हा मार्ग का नको?

वास्कोची_वाट
बटणापुरता तो चालेल. मात्र तुमची पहिली तक्रार तशीच राहते. पिनकोडमधून बाहेर पडून माऊसने खालच्या ओळीतल्या रकान्यावर किंवा चौकटीवर टिचकी मारणारा माणूस तोच धक्का खातो, आणि प्रत्येक रकान्यावर `preventDefault()` लावता येत नाही, कारण मग फोकस हलणारच नाही. मूळ सरकणे थांबवले की दोन्ही प्रश्न एकदमच मिटतात.

जागा राखल्याने अर्ज विस्कळीत दिसेल ही भीती बहुतेक वेळा दुहेरी अंतरामुळे खरी ठरते. लोक रकान्याखालचे जुने अंतर तसेच ठेवतात आणि त्यात संदेशाची जागा आणखी मिळवतात. तुमच्या अर्जात दोन ओळींमध्ये आता समजा २० पिक्सेलचे अंतर आहे. ते काढून टाका आणि संदेशाच्या जागेलाच अंतराचे काम करू द्या. वर ४, संदेशाची ओळ २२, खाली ४, म्हणजे सुमारे ३० पिक्सेल. प्रत्येक ओळीमागे वाढ दहाएक पिक्सेलची, सहा ओळींचे मिळून ६०. अँट डिझाइनच्या अर्जांत रकान्याखालचे २४ पिक्सेलचे अंतर संदेश असाच वापरून घेतो. अँग्युलर मटेरियलमध्ये तर एका ओळीची जागा राखणे हेच मूळ वर्तन आहे आणि ती नको असेल त्याला `subscriptSizing` बदलून `dynamic` असे सांगावे लागते.

दोन स्तंभ असल्यामुळे तुमच्यासाठी मी सबग्रिड वापरेन. प्रत्येक रकाना म्हणजे लेबल, पेटी आणि संदेश अशा तीन आडव्या पट्ट्या, आणि शेजारी-शेजारी असलेले दोन रकाने त्याच तीन पट्ट्या वाटून घेतात :

```css
.arj {
  display: grid;
  grid-template-columns: 1fr 1fr;
  gap: 4px 24px;
}
.rakana {
  display: grid;
  grid-row: span 3;
  grid-template-rows: subgrid;
}
.sandesh {
  margin: 0;
  font-size: 14px;
  line-height: 1.6;
  min-height: 1.6em;
  min-height: 1lh;
}
```

याचा एक वेगळा फायदा असा की डावीकडचे लेबल दोन ओळींचे झाले तरी उजवीकडची पेटी त्याच रेषेत राहते. सबग्रिड फायरफॉक्समध्ये २०१९ पासून, सफारीत २०२२ पासून आणि क्रोममध्ये २०२३ पासून आहे. `1lh` म्हणजे त्या घटकाची स्वतःची एक ओळ. ते न समजणारा जुना ब्राउझर आधीची `1.6em` ची ओळ वापरतो. मात्र `height` लिहू नका, `min-height` च लिहा. एखाद्याने अक्षरे मोठी केली किंवा ओळींमधील अंतर वाढवले, तर ठरावीक उंचीत मजकूर कापला जाईल किंवा खालच्या लेबलावर चढेल. संदेशाला `position: absolute` देऊन तरंगत ठेवण्याचा उपाय मला याच कारणासाठी आवडत नाही. एका ओळीपर्यंत तो छान दिसतो, दुसरी ओळ आली की खालच्या लेबलाला झाकतो.

फोंड्याचा_टंककार
मराठी मजकुराबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण इंग्रजी अर्जाचे माप आपल्याला जसेच्या तसे बसत नाही.

पहिली गोष्ट ओळ-उंचीची. ती `normal` ठेवली तर उंची फाँट ठरवतो. ‘मंडळाचे नाव लिहा’ हा संदेश देवनागरी फाँटमध्ये आणि ‘PIN 6 अंकी हवा’ हा दोन फाँटांच्या मिश्रणात मांडला गेला, तर दोघांच्या ओळींची उंची दोन-तीन पिक्सेलने वेगळी येऊ शकते. मग जागा राखूनही अर्ज किंचित थरथरतो आणि कारण सापडत नाही. वर १.६ हा आकडा स्पष्ट लिहिलेला आहे ते म्हणूनच योग्य वाटते. १.२ सारखी ओळ-उंची मात्र देऊ नये, कारण दुसऱ्या ओळीतल्या रफार-वेलांट्या पहिल्या ओळीतल्या उकारांना भिडतात.

दुसरी गोष्ट शब्दयोजनेची. एका ओळीची जागा राखायची तर संदेशही एका ओळीचा हवा, आणि ते काम सीएसएस करणार नाही. ‘कृपया आपल्या पत्त्याचा योग्य असा सहा अंकी पिनकोड प्रविष्ट करावा’ हे वाक्य अर्ध्या रुंदीच्या रकान्याखाली मावणे कठीण आहे. ‘पिनकोड ६ अंकी हवा, उदा. ४०३४०१’ हे मावते आणि माणसाला काय करायचे तेही कळते. संदेश लिहिताना सर्वांत अरुंद रकाना समोर ठेवावा.

राखलेली जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथेच सूचना ठेवता येते, म्हणजे ‘उदा. ४०३४०१’ असे फिक्या अक्षरांत, आणि चूक झाल्यावर त्याच जागी संदेश. पण नेमकी गरज असते तेव्हाच सूचना गायब होते, म्हणून उदाहरण संदेशातही पुन्हा यायला हवे.

पर्वरीची_सई
मी स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसोबत संकेतस्थळांची तपासणी करते, त्यामुळे या चर्चेत एक भर घालते. जागा राखण्यासाठी काही जण संदेशाचा पूर्ण मजकूर आधीच पानात लिहून ठेवतात आणि त्याला `opacity: 0` देतात. डोळ्यांना तो दिसत नाही, पण स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो, आणि अर्ज कोरा असतानाच ‘पिनकोड ६ अंकी हवा’, ‘मंडळाचे नाव लिहा’ असे एकामागून एक ऐकू येऊ लागते. त्यापेक्षा वर दिलेल्याप्रमाणे रिकामा घटक आणि त्याची किमान उंची हेच बरे.

हा घटक पानात आधीपासून असण्याचा तुम्हाला आणखी एक लाभ आहे. `aria-live` असलेला घटक मजकुरासकट अचानक जन्माला आला तर तो वाचला जाईल याची खात्री नसते, आधीपासून असलेल्या रिकाम्या घटकात मजकूर भरला तर तो बऱ्याच अधिक भरवशाने वाचला जातो. संदेशाचा `id` रकान्याच्या `aria-describedby` मध्ये द्या आणि चूक असताना रकान्यावर `aria-invalid="true"` ठेवा.

मात्र मूळ निर्णयाबद्दलच माझा थोडा मतभेद आहे. रकाना सोडताक्षणी तपासायचेच कशाला? ब्रिटिश सरकारच्या गव्ह.यूके डिझाइन सिस्टिममध्ये तपासणी अर्ज पाठवल्यानंतर होते, पानाच्या माथ्यावर चुकांची यादी येते आणि प्रत्येक संदेश रकान्याच्या खाली नव्हे तर लेबल आणि पेटी यांच्यामध्ये असतो. त्या पद्धतीत दाबणे आणि सोडणे यांच्या फटीत काही हलतच नाही.

डिचोलीकर
सई बाय, आमचे कर्मचारी दिवसभर कागदावरून अर्ज भरतात आणि मंडळाचा माणूस समोरच्या खुर्चीत बसलेला असतो. पिनकोड चुकल्याचे त्याच वेळी कळले तर ते लगेच विचारून घेतात. शेवटी एकदम यादी आली तर पुन्हा मागे जावे लागते. त्यामुळे तात्काळ तपासणी ठेवावीच लागेल.

पर्वरीची_सई
अशा वापरासाठी ते समजू शकते. घरून भ्रमणध्वनीवर एकदाच अर्ज भरणाऱ्या मंडळांसाठी मात्र माझे मत कायम आहे.

सांजवात_म्हापसा
सीएलएसमधून वगळण्याचा नियम मला ठाऊक नव्हता, माहितीबद्दल आभार. पण मग हे मोजायचे कसे? प्रत्येक पानावर हाताने बटण दाबत बसणे शक्य नाही.

वास्कोची_वाट
क्रोमच्या विकासक साधनांत ‘Rendering’ या पट्टीत ‘Layout Shift Regions’ चालू करा, सरकलेला भाग रंगीत चमकतो. आपोआप तपासायचे असल्यास सोपा मार्ग असा की चाचणीत प्रत्येक रकाना मुद्दाम चुकवावा आणि त्याच्या आधी व नंतर बटणाचे `getBoundingClientRect().top` वाचून तुलना करावी. दरम्यान पान स्क्रोल झालेले नसेल, तर दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. दुरुस्ती करून संदेश जातानाही हीच तुलना करा, लोक ती विसरतात.

डिचोलीकर
बदल करून पाहिला. मोठ्या पडद्यावर बटण जागचे हलत नाही आणि कार्यालयातून दुसऱ्यांदा दाबण्याची तक्रार आलेली नाही. अर्ज वाटला होता तितका लांबही दिसत नाही.

एक अडचण मात्र उरली आहे. मंडळाचे नाव आणि तालुका मिळून सर्व्हरवर तपासले जातात आणि ‘या नावाचे मंडळ सत्तरी तालुक्यात आधीच नोंदलेले आहे, नोंदणी क्रमांक असल्यास तो लिहा’ असा संदेश एखाद्या सेकंदाने येतो. तो काही केल्या एका ओळीत मावत नाही. सगळ्याच रकान्यांना दोन ओळींची जागा दिली तर मात्र अर्ज खरोखरच लांबेल.

वास्कोची_वाट
सगळ्यांना देऊ नका, त्या एकाच रकान्याला द्या. मंडळाचे नाव दोन्ही स्तंभांच्या रुंदीचे करा, तालुका त्याखालच्या ओळीत जाऊ द्या. दुप्पट रुंदीत तुमचे हे वाक्य एका ओळीत बसेल. तपासणी चालू असताना त्याच जागेत ‘तपासत आहोत’ असे दाखवा. हा संदेश सेकंदभर उशिरा येत असल्यामुळे, तोवर माणसाने दुसरी कळ दाबली नसेल तर, त्याचे सरकणे सीएलएसमध्ये धरले जाते, म्हणजे सांजवातांचे मापकही इथे उपयोगी पडेल.

फोंड्याचा_टंककार
भ्रमणध्वनीच्या ३२० पिक्सेल रुंदीवर मात्र ते वाक्य दोन किंवा तीन ओळींचे होणारच. तिथे दोन ओळी राखाव्यात असे माझे मत आहे.

वास्कोची_वाट
मी तिथे एकच राखेन आणि त्या एका संदेशाला खालची मांडणी ढकलू देईन. अरुंद पडद्यावर नाव हा पहिलाच रकाना आहे, बटण पुष्कळ खाली असते आणि सेकंदभरात कोणी तिथे पोहोचत नाही. खालच्याच रकान्यात कोणी टाईप करत असेल तर त्याला धक्का बसेल, हे मान्य आहे. डिचोलीकरांनी दोन्ही प्रकार खऱ्या उपकरणांवर लावून पाहावेत, अक्षरे २०० टक्के मोठी करूनही.

डिचोलीकर
या आठवड्यात पेडण्याच्या दोन मंडळांकडून त्यांच्याच फोनवर अर्ज भरून घेणार आहोत. आधी एका ओळीचा प्रकार लावतो आणि काय दिसले ते इथे लिहितो.